‘ही’ म्हणजे तो, ‘मी’ म्हणजे मला

चौथीतला एक मुलगा रोज संध्याकाळी इंग्रजीची वही घेऊन माझ्याकडे येतो. मागच्या पावसाळ्यात शाळेने त्यांना एक चित्र दिले होते आणि त्यावर आठ वाक्ये लिहायची होती. चित्रात पतंग उडवणारी मुलगी, झाडांना पाणी घालणारी बाई आणि ओट्यावर बसलेले आजोबा. मुलीबद्दल त्याने लिहिले होते: ‘धिस इज अ गर्ल. ही इज फ्लाइंग अ काइट. हिज फ्रॉक इज रेड.’ बाईबद्दलही तसेच, ‘ही इज वॉटरिंग द प्लांट्स’. आजोबांची वाक्ये मात्र बिनचूक होती. शाळेत वही तपासताना प्रत्येक चुकीभोवती लाल गोल झाला होता आणि खाली शेरा होता, ‘लिंगाच्या चुका. सर्वनामे पाठ कर.’

त्या शेऱ्यापाशी मी अडखळले. खुर्ची ती, टेबल ते आणि पंखा तो हे ज्या मुलाला कुणी न शिकवता येते, त्याला मुलगी स्त्रीलिंगी आहे हे कळत नसेल? मराठी बोलणारे मूल तीन वर्षांचे होईतो निर्जीव वस्तूंनाही लिंग देऊ लागते. जगातल्या बाकी कुठल्या मुलाला लिंगाचे भान नसेल, पण मराठी मुलाला ते असतेच.

मी त्याला विचारले, “पतंग कोण उडवतंय?”

“मुलगी.”

“मग मुलीला ‘ही’ का लिहिलंस?”

त्याने चित्रातल्या मुलीवर बोट ठेवले आणि मलाच समजावले, “काकू, ‘ही’च ना? ही मुलगी.”

त्याच्या दृष्टीने त्याने चूक केलीच नव्हती. जवळच्या स्त्रीसाठी मराठीत जो शब्द आहे, तोच आवाज त्याने इंग्रजीत वापरला होता. दोन्ही भाषांत तो आवाज अगदी एकसारखा आहे. ह आणि दीर्घ ई, त्यात कणाचाही फरक नाही. जागाही तीच, वाक्याच्या सुरुवातीची, कर्त्याची. अर्थ मात्र नेमका उलटा. मराठी ‘ही’ म्हणजे ती जवळची बाई, इंग्रजी ‘ही’ म्हणजे तो बुवा.

आणि हे एका शब्दावर थांबत नाही. मराठीत ‘ही’ची बाकीची रूपे काढून पाहा: हिला, हिचा, हिने, हिच्याकडे. सगळी ‘हि’ने सुरू होतात आणि सगळी स्त्रीलिंगी आहेत. इंग्रजीत ‘हि’ने सुरू होणारी सर्वनामे आहेत ‘हिम’ आणि ‘हिज’, आणि दोन्ही पुल्लिंगी. मुलाच्या डोक्यात ‘हिचा फ्रॉक’ असे शब्द उमटतात आणि हातून ‘हिज फ्रॉक’ उतरते. म्हणजे एका शब्दाचा घोटाळा नाही, अख्खी विभक्ती उलटी बसली आहे. सर्वनामांचा तक्ता दहा वेळा पाठ केला तरी ती सुटी होत नाही, कारण तक्ता म्हणताना मूल चित्राकडे बोट दाखवत नसते. तक्त्यात ते बरोबर असते आणि वाक्यात पुन्हा चुकते. मग आपण म्हणतो, पाठ असूनही चुकतो, लक्ष नाही.

लक्ष नाही की मराठी आड येते आहे, हे ओळखता येते. मी त्या मुलाला दुसऱ्या दिवशी त्याच्या मोठ्या बहिणीबद्दल पाच वाक्ये लिहायला सांगितली. बहीण दुसऱ्या गावी शिकते, समोर नव्हती. पाचही वाक्यांत ‘शी’ बरोबर आला. मग त्याच्याच घरातला बहिणीचा फोटो हातात दिला आणि पुन्हा लिहायला सांगितले. तिसऱ्या वाक्यात ‘ही’ आला. मूल तेच, बहीण तीच. फरक एवढाच की समोर नसलेल्या बहिणीला मनात ‘ती’ म्हणतात आणि हातातल्या फोटोतल्या बहिणीला ‘ही’. ‘ती’चा आवाज इंग्रजीतल्या कुठल्याही सर्वनामाशी जुळत नाही, म्हणून तिथे सापळा नाही. दुसरी खूण चुकीच्या दिशेत असते. लिंगच कळत नसते तर मुलाने आजोबांनाही कधी तरी ‘शी’ म्हटले असते. तसे होत नाही. चूक एकाच बाजूला झुकलेली असेल, बाईचा बुवा होत असेल पण बुवाची बाई होत नसेल, तर दोष पाठांतरात नाही.

यात आणखी एक गोष्ट मिसळते आणि तिच्याबद्दल आपण लाजून बोलत नाही. ‘शी’ हा आवाज मराठीत किळस दाखवतो आणि लहान मुलांच्या तोंडी त्याचा आणखी एक अर्थ आहे. पहिली-दुसरीच्या वर्गात हा शब्द मोठ्याने वाचायची पाळी आली की हसू फुटते. ज्याच्यावर वर्ग एकदा हसला, ते मूल पुढे त्या शब्दाला बगल देऊ लागते आणि बगल द्यायला ‘ही’ तयारच असतो. म्हणजे एका बाजूला खोटी ओळख दाखवून ओढणारा शब्द, दुसऱ्या बाजूला लाजेने दूर लोटणारा. यांच्या मधोमध सात वर्षांचे मूल उभे असते.

दोन भाषांत सारखे दिसणाऱ्या किंवा ऐकू येणाऱ्या पण अर्थाने वेगळ्या शब्दांना ‘खोटे मित्र’ म्हणण्याची पद्धत फ्रेंचमधून आली. केसलर आणि डेरोक्विन्यी या दोघांनी 1928 साली फ्रेंच-इंग्रजी शब्दांवरच्या पुस्तकात ते नाव दिले. आपल्याकडे अशा शब्दांच्या याद्या गंमत म्हणून फिरत असतात: नऊ आणि ‘नाऊ’, कट आणि ‘कट’, आय आणि ‘आय’, दे आणि ‘दे’. माझा आक्षेप या गमतीला आहे. या याद्यांतले बहुतेक शब्द कुणालाही फसवत नाहीत. ‘दे आर प्लेइंग’ ऐकून कुणी काही द्यायला उठत नाही, कारण मराठी ‘दे’ हे क्रियापद आहे आणि वाक्यात वेगळ्या ठिकाणी बसते. नऊ ही संख्या, तिची जागा निराळी. दोन शब्दांचा आवाज कितीही जुळू दे, त्यांची वाक्यातली बसायची जागा वेगळी असेल तर मन त्यांना आपोआप वेगळे ठेवते. घात होतो तो आवाज आणि जागा दोन्ही जुळतात तेव्हा. असे शब्द थोडे आहेत आणि ते नेमके सर्वनामांत आहेत. इंग्रजीच्या पहिल्या वाक्यापासून लागणारे, मिनिटाला दहा वेळा येणारे शब्द.

दुसरा तसा शब्द म्हणजे ‘मी’. ‘ही’ आणि इंग्रजी ‘ही’ यांची भेट निव्वळ योगायोगाची आहे. ‘मी’चे तसे नाही. तो खरोखरच नात्यातला आहे. संस्कृतातल्या ‘माम्’, ‘मया’, ‘मे’ यांतला म आणि इंग्रजी ‘मी’तला म एकाच प्राचीन मुळातून आले. कर्त्यासाठी संस्कृतात ‘अहम्’ होता, आणि इंग्रजीतला ‘आय’ त्याच्याच कुळातला. इंग्रजीने ती वाटणी आजवर सांभाळली: कर्ता असेल तर ‘आय’, बाकी सगळीकडे ‘मी’. मराठीने अहम् टाकून दिला आणि ‘मया’पासून आलेले रूप कर्त्याच्या जागी बसवले. ज्ञानेश्वरीत ‘मियां’ असे तृतीयेचे रूप भेटते, ते या वाटेवरचे. एकाच घरातले दोन भाऊ, पण एक अंगणात राहिला आणि दुसरा देवघरात जाऊन बसला, तसे हे झाले आहे.

म्हणून मूल लिहिते, ‘मी गो टू स्कूल’. यावरही लाल गोल होतो. पण हा घोटाळा ‘ही’पेक्षा चिवट आहे, कारण मुलाला इंग्रजीत त्याचा खोटा पुरावा मिळत राहतो. “कोण आहे?” याला मराठीत उत्तर “मी!” इंग्रजीत दारावरच्या माणसाला “हू इज इट?” विचारा, तोही म्हणेल “मी!” खाऊ वाटताना “कोण घेणार?” असे इंग्रजीत विचारले तरी उत्तर “मी!” आणि मूल जी पहिली दोन-चार इंग्रजी बोलणी उचलते त्यांत ‘मी टू’ असतेच. ते तर आपल्या ‘मी पण’शी शब्दाला शब्द जुळते. तीन ठिकाणी जो शब्द मराठीसारखाच चालला तो चौथ्या ठिकाणी का चालत नाही, हे मुलाने स्वतःच्या अकलेने कसे ताडावे? एकटा उभा असलेला ‘मी’ इंग्रजीत चालतो, क्रियापदाच्या आधी कर्ता म्हणून चालत नाही. हे कुणीतरी त्याच्या भाषेत सांगायला हवे.

आणि सांगताना अर्धवट सांगून भागत नाही. अनेक घरांत एक तोडगा चालतो: मी म्हणजे ‘आय’, मला म्हणजे ‘मी’. ‘मला वही दे’ इथे तो नीट लागू पडतो. पण मराठीत मला भूक लागते, मला थंडी वाजते, मला आंबा आवडतो, मला पोहता येते. या वाक्यांत ज्याला होते त्याला आपण ‘मला’ म्हणतो आणि इंग्रजी त्याला सरळ कर्ता करून ‘आय’ म्हणते. तोडगा पाठ केलेले मूल इथे ‘मी लाइक मँगो’ लिहिते आणि त्याने तुमचाच नियम पाळलेला असतो. एका मुलीच्या वहीत मी हे पाहिले. तिने मी-वाली सगळी वाक्ये बरोबर लिहिली होती आणि आवडीनिवडीच्या परिच्छेदात ओळीने चुकली होती. तिला एवढेच सांगावे लागले की भूक, झोप, आवड, भीती, आठवण आणि येणे-जमणे यांत मराठी ‘मला’ म्हणते, पण इंग्रजी तिथे ‘आय’ वापरते. आम्ही वहीच्या मागच्या पानावर अशा क्रियापदांची यादी करायला घेतली. आठवड्याभरात तिने स्वतःहून तीत भर घातली: मला वाटते, मला दिसते, मला कळते. ही यादी कुठल्या इंग्रजी पुस्तकातून आली नव्हती. ती तिच्या मराठीतून निघाली.

म्हणूनच इंग्रजीच्या तासाला मराठी बंद ठेवण्याचा जो हट्ट ठिकठिकाणी दिसतो, तो मला मान्य नाही. राज्याने 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. त्याआधी ते पाचवीपासून असे. पाचवीतल्या मुलाला सर्वनाम म्हणजे काय, कर्ता-कर्म म्हणजे काय, हे मराठीत ठाऊक झालेले असे, आणि शिक्षक फळ्यावर दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी लिहून फरक दाखवत. पहिलीत आणलेले इंग्रजी गाण्यांतून, चित्रांतून, बोट दाखवून शिकवायचे ठरले. त्यात वावगे काही नाही. फक्त बोट दाखवून शिकवण्यातच मराठी मुलाच्या ओठांवर ‘ही’ येतो, हे कुणी लक्षात घेतले नाही. पद्धत बदलली आणि सापळा थेट चित्रवाचनाच्या पानावर येऊन बसला.

“इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा, कानावर पडत राहिले की आपोआप सुधारेल,” असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. ज्या मुलाच्या घरी दिवसभर इंग्रजी बोलले जाते त्याचे ते सुधारते. पण ज्याला दिवसाकाठी पस्तीस-चाळीस मिनिटे इंग्रजी मिळते आणि उरलेला सगळा दिवस तेच आवाज मराठी अर्थाने कानावर पडतात, त्याच्या बाबतीत रोजचा सराव मराठीच्याच बाजूने होतो. घरी कुणीतरी शंभर वेळा ‘ही बघ’, ‘हिला दे’ म्हणते, आणि प्रत्येक वेळी ‘हि’ची गाठ स्त्रीलिंगाशी पुन्हा घट्ट होते. नुसत्या ऐकण्याने ती सैल होणार नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घरची भाषा आणि शिक्षणाचे माध्यम वेगळे असलेल्या मुलांसाठी द्विभाषिक पद्धतीला प्रोत्साहन दिले आहे. मराठी शाळेतल्या इंग्रजीच्या तासालाही तोच न्याय लावायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. दोन सारखे शब्द एकदम समोर ठेवले की ज्या मुलाचा गोंधळ नव्हता त्याचाही होतो. हे खरे आहे, मी ते करून फसले आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी उत्साहाने ‘ही’ आणि ‘शी’ एकाच दिवशी, मराठीशी तुलना करून शिकवले आणि दोन मुले जी बरोबर लिहीत होती तीही चाचरू लागली. तेव्हापासून मी आधी एकच शब्द रुजू देते. आजोबा, दादा, राजा, वाघ यांच्या वाक्यांतून इंग्रजी ‘ही’ पक्का होईपर्यंत ‘शी’ला हात लावत नाही. मराठीशी तुलना करायची ती चूक दिसल्यावर, आणि ज्याच्या वहीत दिसली त्याच्याशीच. सापळ्याची पाटी सगळ्या वर्गाला आधीच वाचून दाखवायची नसते.

मोठ्यांचे यातून सुटते असेही नाही. ओळखीतल्या एका काकांनी पत्नीच्या दुखण्याबद्दल परप्रांतातल्या डॉक्टरांना फोन केला होता. काकू शेजारीच बसल्या होत्या. काका त्या पिढीतले, बायकोचे नाव न घेता ‘आमची ही’ म्हणणारे. इंग्रजी त्यांचे कामापुरते चांगले होते. चार-पाच मिनिटे ते ‘ही हॅज फीव्हर, ही इज नॉट ईटिंग’ असे सांगत राहिले आणि शेवटी डॉक्टरांनी थांबवून विचारले, रुग्ण पुरुष आहे की स्त्री? औषध ठरवण्याआधी त्यांनी विचारले, हे बरे झाले. काका नंतर कितीतरी वेळ खजील होते. आपले इंग्रजी कच्चे म्हणून असे झाले, असे त्यांना वाटत राहिले. मला ते तसे वाटले नाही. पन्नास वर्षे ज्या आवाजाने त्यांनी बायकोला ओळखले, तोच आवाज तिच्याकडे पाहताना तोंडी आला.

फोनवर रोमन लिपीत मराठी लिहिण्याबद्दलही एक सांगायला हवे. कानाला जे शब्द वेगळे वाटतात ते तिथे डोळ्याला एक दिसू लागतात. इंग्रजीचा त आपल्या कानाला ट वाटतो, म्हणून बोलण्यात ‘तो’ आणि इंग्रजी ‘टू’ कधी एकमेकांत मिसळत नाहीत. पण `to ala` असे टाइप केले की ते दोन्ही एकच अक्षरजोडी होतात. `me yeto` दिवसातून वीसदा लिहिणाऱ्या हाताला `me` कर्त्याच्या जागी ठेवायची सवय लागते. `he` तर तिथे ‘हे’ होतो, म्हणजे त्याच अक्षरांना आणखी एक मराठी अर्थ चिकटतो. शिकत्या वयाच्या मुलांच्या फोनमध्ये देवनागरी कळफलक घालून द्यावा, हे माझे मागणे निव्वळ मराठीच्या प्रेमापोटी नाही. त्यांचे इंग्रजीही त्याने स्वच्छ राहते.

शाळांकडून माझी अपेक्षा मोठी नाही. शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत तिसरी-चौथीसाठी एक पान असावे. त्यावर ‘ही, हिला, हिचा’ आणि ‘ही, हिम, हिज’ या ओळी समोरासमोर असाव्यात, ‘मी’च्या तीन जागा असाव्यात आणि ‘मला’वाल्या क्रियापदांची यादी असावी. ते पान मुलांसाठी नाही, वही तपासणाऱ्यासाठी आहे. लाल गोल करण्याआधी त्याने पाहावे की चूक एका बाजूला झुकली आहे का, चित्रापाशीच होते आहे का, आवडीनिवडीच्या वाक्यांतच होते आहे का. तसे असेल तर ‘पाठ कर’ हा शेरा लिहू नये.

माझ्याकडच्या मुलासाठी आम्ही एक साधी युक्ती काढली. चित्राबद्दल लिहिताना त्याने बोट खाली ठेवायचे, पुस्तक हातभर लांब सरकवायचे आणि आधी मराठीत ‘ही’ऐवजी ‘ती’ म्हणायचे. ‘हिचा’ नाही, ‘तिचा’. जवळची मुलगी लांबची झाली की तिचा आवाज इंग्रजी ‘ही’शी जुळत नाही, आणि मग ‘शी’ आणि ‘हर’ यायला वाट मोकळी होते. पहिले काही दिवस तो विसरायचा. घाईत अजूनही विसरतो. परवा त्याच्या नव्या चित्रात बाजारात भाजी विकणारी बाई होती. त्याने पेन्सिल टेकवली, ‘एच’ची पहिली उभी रेघ ओढली आणि थांबला. पुस्तक पुढे ढकलले, ओठांतल्या ओठांत ‘ती’ म्हणाला, रेघ खोडली आणि तिथे ‘एस’ काढला.